पाच लाइफ, अर्धा तास: टायमरचा आकडा नेमका कशावर ठरतो

प्रश्न: आम्ही दोघांनी मिळून मोबाइलसाठी एक फुकट मॅच-थ्री पझल गेम केलाय. १५० लेव्हल आहेत, एक डाव साधारण ३ मिनिटांचा. ५ लाइफ दिल्यात, एक लाइफ परत यायला ३० मिनिटं. लेव्हल सुरू केली की एक लाइफ जाते. रिव्ह्यूत लोक लिहितात, "पंधरा मिनिटांत गेम बंद, मग नुसतं बसून राहा." टायमर काढून बघितला तर काही जणांनी दोन दिवसांत सगळ्या लेव्हल संपवल्या. ३० चे २० करू का १५? बरोबर आकडा कोणता?

उत्तर:

३० चे २० केलेत तरी रिव्ह्यू हेच येतील. हिशोब करून बघा. पाच लाइफ, प्रत्येक डाव ३ मिनिटांचा, म्हणजे पंधराव्या मिनिटाला खातं रिकामं. पहिली लाइफ परत येणार विसाव्या मिनिटाला. तोवर माणूस गेम बंद करून गेलेला असतो. १५ मिनिटं केलीत तर पंधराव्या मिनिटाला एक लाइफ मिळेल आणि अठराव्या मिनिटाला पुन्हा लाइफ संपल्याची पाटी दिसेल. सगळा खटाटोप करून तुम्ही तीन मिनिटं वाढवलीत. तुमच्या गेममध्ये एका बैठकीची लांबी टायमर ठरवतच नाहीये. ती ठरतेय लाइफ कधी कापली जाते यावर. म्हणून आधी तिथे हात घालू, मिनिटांकडे नंतर येऊ.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी केवढी आहे, नळाची धार किती आहे आणि आपण किती मोठ्या बादलीने उपसतो, या तीनच गोष्टी आहेत. टाकी म्हणजे जास्तीत जास्त लाइफ, तुमच्याकडे ५. धार म्हणजे ३० मिनिटांना एक. बादली म्हणजे एका डावाचा खर्च. एका बैठकीत किती खेळता येईल हे मुख्यतः टाकी आणि बादलीवर ठरतं. दिवसभरात एकूण किती खेळता येईल ते धारेवर. आणि टाकी काठोकाठ भरायला लागणारा वेळ, तुमच्या बाबतीत अडीच तास, माणसाने किती वेळा परत यावं हे ठरवतो. टाकी भरल्यावर नळ चालू असला तरी पाणी वाहूनच जातं. लोक धार बदलायला धावतात, कारण कोडमध्ये तो आकडा समोर दिसतो. पण तक्रार बहुतेक वेळा बादलीची असते.

बादली कधी बुडवायची याच्या तीन पद्धती रूढ आहेत. एक तुमची, दारातच पैसे घेण्याची: लेव्हल उघडली की खर्च. दुसरी 'कँडी क्रश सागा'ची. तिथेही ५ लाइफ आणि ३० मिनिटं, म्हणजे आकडे तुमचेच. पण लाइफ जाते ती हरल्यावर, जिंकलात तर काहीच जात नाही. तिसरी 'गेन्शिन इम्पॅक्ट'ची. तिथे लाइफच्या जागी असलेलं 'रेझिन' लढाई जिंकून बक्षीस उचलताना खर्च होतं. हरलात तर वेळ गेला, रेझिन शाबूत. तिथे माणूस हवा तेवढा वेळ फिरू शकतो, लढू शकतो. मर्यादा खेळण्यावर नाही, कमाईवर आहे. तुमच्या गेमला ही तिसरी पद्धत बसणार नाही, कारण पझलमध्ये पुढची लेव्हल उघडणं हीच कमाई असते. दुसरी बसेल.

आता दुसऱ्या पद्धतीने तुमच्याच आकड्यांचं काय होतं ते पाहू. हरल्यावरच लाइफ जात असेल तर बैठक किती चालेल हे लेव्हल किती अवघड आहे त्यावर ठरतं. समजा एखाद्या टप्प्यावर चार डावांत एकदाच जिंकता येतं, म्हणजे जिंकण्याचं प्रमाण २५ टक्के. मग सरासरी दर ४ मिनिटांना एक हार होते आणि पाच लाइफ साधारण २० मिनिटांत संपतात. प्रमाण ५० टक्के असेल तर दर ६ मिनिटांना एक हार. पाच लाइफ अर्धा तास पुरतात आणि त्यानंतर साधारण सहा मिनिटांत एक भरूनही येते. प्रमाण ८० टक्के असेल तर दर १५ मिनिटांना एक हार, आणि मधल्या काळात परत येणाऱ्या लाइफ धरल्या तर बैठक दोन तासांच्या आसपास जाते. ९० टक्क्यांना तर गंमत होते. दर ३० मिनिटांना एक हार आणि दर ३० मिनिटांना एक नवी लाइफ. जाणारी आणि येणारी बरोबरीत, म्हणजे टायमर आहे हे खेळणाऱ्याला सहसा कळतच नाही.

या शेवटच्या ओळीचा उपयोग लगेच करता येतो. पहिल्या ३० लेव्हल ९० टक्क्यांच्या वर ठेवा, म्हणजे नव्या माणसाला पहिल्या दिवशी अडवणारी पाटी क्वचितच दिसेल. वाटलं तर पहिल्या १५ लेव्हलना लाइफ कापूच नका, सरळ तसा नियम करा. गेम आवडला की नाही हे अजून ठरायचंय अशा माणसाला पंधराव्या मिनिटाला "आता थांबा" म्हणणं हेच तुमच्या वाईट रिव्ह्यूंचं मूळ आहे. ज्याला पुढची लेव्हल खेळायची ओढ लागली आहे तो अर्धा तास थांबतो. ज्याला लागलेली नाही तो गेम काढून टाकतो.

दोन दिवसांत लेव्हल संपण्याचं कोडंही याच हिशोबाने सुटतं. जिंकण्याचं प्रमाण p धरलं तर एक लेव्हल पार करेपर्यंत सरासरी (1−p)/p हारी होतात. १५० लेव्हलची मांडणी अशी करून बघा: पहिल्या ३० लेव्हल ९० टक्क्यांच्या, पुढच्या ६० लेव्हल ६० टक्क्यांच्या, नंतरच्या ४० लेव्हल ४० टक्क्यांच्या आणि २० लेव्हल २५ टक्क्यांच्या. या शेवटच्या वीस सलग ठेवू नका, मध्ये मध्ये पेरा. पहिल्या गटात सगळ्या मिळून ३ हारी, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ६०. एकूण १६३. म्हणजे अख्खा गेम संपवायला सुमारे १६३ लाइफ लागतात, आणि डाव होतात १६३ हरलेले अधिक १५० जिंकलेले, एकूण ३१३. प्रत्येकी ३ मिनिटं धरली तर जेमतेम १६ तास. टायमर नसेल तर चिकाटीचा माणूस हे दोन दिवसांत उरकणारच. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय.

टायमर ठेवल्यावर हे १६ तास कसे पसरतात ते बघू. कागदावर दिवसाला ४८ लाइफ मिळतात, पण टाकी पाचांचीच आहे. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा असं चार वेळा गेम उघडणाऱ्याला दर वेळी भरलेली टाकी मिळते, म्हणजे २० लाइफ. बाकीचं पाणी वाहून गेलं. त्यातलं बरंचसं रात्रीच्या झोपेत. अशा माणसाला १६३ लाइफ आठ दिवस पुरतात आणि तो रोज दोन तास खेळतो. दिवसातून दोनदाच येणाऱ्याला १६ दिवस लागतात, रोज एक तास. खेळण्याचा एकूण वेळ दोघांचा तोच. टायमरने नवीन काही निर्माण केलं नाही, असलेलं पसरून दिलं. त्यामुळे आठ दिवसांनी काय, हा प्रश्न टायमर सोडवणार नाही. त्याला नव्या लेव्हलच लागतील. आठवड्याला तुम्ही दोघं किती लेव्हल तयार करू शकता, हे मला तुमच्या प्रश्नावरून कळत नाही. पण बरोबर आकडा कोणता याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. आठवड्याला १५ लेव्हल होत असतील तर चारदा येणारा माणूस सुमारे नऊ दिवसांत तुमच्यापर्यंत पोहोचतो, पण दोनदा येणाऱ्या सामान्य खेळाडूला सुमारे तीन आठवडे लागतात. बांधणी सामान्य खेळाडूसाठी करा. सगळ्यात वेगवान माणसाला धरून आकडे लावलेत तर बाकी सगळे अडकतील.

सरासरीने आणखी एक गोष्ट झाकली जाते आणि नवे लोक नेमके तिथे फसतात. २५ टक्क्यांच्या लेव्हलला सरासरी तीन हारी होतात हे खरं. पण प्रत्येक डाव स्वतंत्र धरला तर ओळीने दहा वेळा हरण्याची शक्यता 0.75^10, म्हणजे साधारण ५.६ टक्के निघते. अठरा जणांत एकाच्या दोन अख्ख्या टाक्या त्याच एका लेव्हलवर रिकाम्या होतात. अशा लेव्हल वीस असतील तर कुठे ना कुठे हा अनुभव येणाऱ्यांचं प्रमाण दोन तृतीयांशांच्या वर जातं. त्या माणसाच्या बाजूने बघा. पाच डाव हरला, अडीच तास थांबला, पुन्हा आला, पुन्हा पाच हरला. रिव्ह्यूत तो लिहिणार "टायमर फार मोठा आहे", आणि तुम्ही पुन्हा मिनिटं कमी करायला बसणार. इथे उपाय टायमरचा नाही, लेव्हलचा आहे. सहाव्या हारीनंतर दोन चाली वाढवून द्या, नवव्यानंतर आणखी दोन किंवा एक फुकटचा बॉम्ब. हे लपवायचीही गरज नाही. "या लेव्हलला तुम्हाला २ जादा चाली" असं दाखवलंत तर लोकांना आवडतंच.

याला जोडूनच एक गोष्ट कळकळीने सांगतो. लाइफ संपल्याचा पडदा आला की त्यावर "पैसे देऊन लगेच भरा" असं बटण असतं. ते असण्याला माझी हरकत नाही, गेम चालवायला पैसे लागतात. पण त्या क्षणी समोरचा माणूस नुकताच पाचव्यांदा हरून चिडलेला असतो. एक अवघड लेव्हल मुद्दाम अशक्यप्राय करून त्या चिडीवर बटण विकणं सोपं आहे, आणि त्यात आधी सापडतात ती आईवडिलांचा फोन हातात असलेली मुलं. बटण ठेवा, पण थांबण्याचा पर्याय तेवढ्याच मोठ्या अक्षरात ठेवा. पुढची लाइफ किती मिनिटांनी आणि टाकी भरणार किती वाजता, दोन्ही दाखवा. "१८:४२" असं उलटं घड्याळ बघत बसण्यापेक्षा "४:१० वाजता पाचही लाइफ तयार" हे वाचलं की माणूस शांतपणे फोन खाली ठेवतो.

जाहिरात बघून लाइफ देणार असाल तर दिवसाला तीनच ठेवा, फार तर पाच. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला एक लाइफ आणि मर्यादा नाही, असं केलंत तर टायमर असून नसल्यासारखा होतो. वर खेळाडूला वाटतं की हा गेम म्हणजे जाहिराती बघायचं काम आहे.

टाकीच्या मापाकडे येतो. तुमच्यासाठी पाच ठीक आहे, कारण मॅच-थ्री खेळणारे लोक दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खेळतात: बसच्या रांगेत, जेवणाच्या सुट्टीत, झोपण्याआधी. माणसं दिवसातून एकदाच येणार असतील तर गणित बदलतं, आणि त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण पुन्हा गेन्शिनचंच. तिथे ८ मिनिटांना एक रेझिन मिळतं, म्हणजे दिवसाला १८०. २०२० मध्ये गेम आला तेव्हा टाकी १२० ची होती, १६ तासांत भरायची. रोज रात्री दहाला खेळणाऱ्याचे आठ तासांचे, म्हणजे ६० रेझिन रोज वाया जायचे. त्याच वर्षी टाकी १६० केली, भरायला २१ तास २० मिनिटं. तरी रोजचे २० वाया. २०२४ मध्ये २०० केली, २६ तास ४० मिनिटं. आता दिवसातून एकदा येणाऱ्याचं काहीच वाहून जात नाही. अडीच तास उशीर झाला तरी चालतं. धार या सगळ्या काळात तीच राहिली. ज्याला तिथे दर काही तासांनी फोन उघडायची सवय होती त्याला एक रेझिनही जास्त मिळालं नाही. फरक पडला तो नोकरी करून रात्री एकदा खेळणाऱ्याला. लोक "वेळ फार लागतो" म्हणतात तेव्हा कितीदा तरी त्यांना म्हणायचं असतं की "माझं वाया जातंय". त्याला औषध टाकी मोठी करणं हे आहे, धार वाढवणं नाही.

वाट बघण्याचा आणखी एक प्रकार आहे, बांधकामाचा. तुमच्या गेमला तो लागत नाही, पण नक्कल करायचा मोह होतो म्हणून थोडक्यात सांगतो. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मध्ये इमारत वाढवायला तास किंवा दिवस लागतात, आणि सगळे बिल्डर कामाला लागले की बैठकीतलं बांधकाम संपतं. पण बांधकाम चालू असताना हल्ले करता येतात, म्हणून ते सुसह्य होतं. २०१४ मध्ये मोबाइलवर आलेल्या 'डंजन कीपर'ने हाच टायमर जमीन खोदण्याला लावला, आणि खोदणं हाच तर त्या खेळाचा गाभा होता. कठीण खडकाचा एकेक चौकोन फोडायला २४ तासांपर्यंत लागायचे. लोक भडकले, आणि ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने त्याच वर्षी 'फुकट' म्हणून केलेली त्याची जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. ज्या कृतीसाठी माणूस गेम उघडतो तिच्याच मध्ये घड्याळ घालायचं नाही. चालू डाव पूर्ण होऊ द्या, तो संपल्यावरच हिशोब विचारा.

आता कोड. लाइफ मोजायला गेम चालू असण्याची गरज नाही. शेवटच्या वेळेची नोंद ठेवायची आणि गेम उघडला की हिशोब करायचा, एवढंच. मात्र या चार ओळींच्या आसपास तीन चुका हमखास होतात.

```
n = floor((now - last) / 1800)
if n > 0:
    if lives < 5: lives = min(5, lives + n)
    last = last + n * 1800
```

पहिली चूक शेवटच्या ओळीतली. तिथे बरेच जण `last = now` लिहितात. २९ मिनिटांनी येणाऱ्याचं त्यात नुकसान होत नाही, `n` शून्यच असतो. नुकसान होतं ५५ मिनिटांनी येणाऱ्याचं. त्याला एक लाइफ मिळते, पण वरची २५ मिनिटं पुसली जातात आणि घड्याळ पुन्हा ३०:०० वरून सुरू होतं. "तुमचा टायमर खोटा आहे" असा रिव्ह्यू आला तर आधी ही ओळ तपासा. दुसरी चूक `if lives < 5` विसरण्याची. मित्राने पाठवलेल्या किंवा विकत घेतलेल्या लाइफ धरून कोणाकडे ७ असतील तर `min` त्या गुपचूप ५ करून टाकतो. पैसे दिलेल्या माणसाच्या दोन लाइफ गायब. तिसरी चूक या तुकड्याच्या बाहेरची आहे: टाकी भरलेली असताना पहिली लाइफ खर्च झाली की त्याच क्षणी `last = now` करावं लागतं. नाही केलं तर मागचं शिल्लक घड्याळ वापरलं जातं आणि हरल्यावर दोनच मिनिटांत लाइफ परत येते. याची तक्रार कोणी करत नाही, म्हणून ती महिनोन् महिने सापडत नाही.

आता `now` कुठून घ्यायचा? फोनच्या घड्याळातून घेतलात तर सेटिंगमध्ये जाऊन तारीख पुढे ढकलली की लाइफ भरतात. ही युक्ती शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. नेट असेल तेव्हा सर्व्हरची वेळ घ्या. नेट नसेल तर अँड्रॉइडवर `SystemClock.elapsedRealtime()` वापरा. फोन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला ते ही देते, झोपलेला वेळही धरते आणि तारीख बदलल्याने हलत नाही. फोन बंद करून चालू केला की मात्र ती शून्यापासून सुरू होते, म्हणून तेव्हा पुन्हा सर्व्हरची वेळ मिळेपर्यंत थांबा किंवा फोनच्या घड्याळावर विश्वास ठेवा. माझं मत विचाराल तर छोट्या गेमने थोडी फसवणूक सोसावी. तारीख बदलणारे मोजकेच असतात, आणि त्यांना पकडायच्या नादात प्रामाणिक माणूस अडकतो. एक काळजी मात्र नक्की घ्या: कोणी तारीख पुढे नेऊन परत मागे आणली तर `now - last` ऋण येतं आणि पडद्यावर "पुढची लाइफ २३ तासांनी" असं दिसतं. ऋण आलं की `last = now` करून मोकळे व्हा.

हरल्यावर लाइफ कापायची म्हटली की एक पळवाट उघडते. हरायची वेळ आली की लोक गेम बंद करतात, म्हणजे हार नोंदलीच जात नाही. म्हणून आतून उलटं करा: डाव सुरू होताना लाइफ कापून नोंदवा, पण पडद्यावर कमी झालेली दाखवू नका. जिंकला की परत द्या. यात धोका एकच. कमी रॅमच्या फोनवर मध्येच कॉल आला तर सिस्टिम मागे गेलेला गेम बंद करून टाकते आणि जिंकत असलेल्या माणसाची लाइफ जाते. प्रत्येक चालीनंतर पटाची स्थिती फोनवर जतन करा आणि गेम उघडल्यावर तोच डाव तिथूनच सुरू करा. आपल्याकडे असे फोन भरपूर आहेत, तेव्हा हे काम टाळू नका. मुद्दाम बंद करणारालाही त्याचा फायदा होत नाही, कारण परत आल्यावर समोर तोच हरत आलेला डाव असतो.

नोटिफिकेशन टाकी पूर्ण भरल्यावर एकदाच पाठवा, प्रत्येक लाइफला नको. भरण्याची वेळ रात्री दहा ते सकाळी आठमध्ये येत असेल तर सकाळपर्यंत थांबवा. अँड्रॉइड १३ पासून त्यासाठी परवानगी विचारावी लागते. ती गेम उघडल्या उघडल्या विचारलीत तर लोक नाही म्हणतात. लाइफ पहिल्यांदा संपतील तेव्हा "भरल्या की कळवू का?" असं विचारा, तेव्हा त्या प्रश्नाला अर्थ असतो.

तर बदलांचा क्रम असा ठेवा. आधी लाइफ हरल्यावर कापा आणि पहिल्या १५ लेव्हल मोकळ्या करा. ५ आणि ३० हे आकडे आहेत तसे राहू द्या. मग लेव्हलचं जिंकण्याचं प्रमाण मोजून वरच्या मांडणीजवळ आणा आणि लागोपाठ हरणाऱ्याला जादा चाली द्या. सगळं एकदम बदललंत तर कशाने काय झालं ते कळणार नाही, म्हणून दोन्हींत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

बदल लागू पडला की नाही ते ओळखायला लाइफ संपल्याच्या क्षणाची एक नोंद ठेवा, `lives_out` नावाने: कोणती लेव्हल, त्या लेव्हलवरचा कितवा डाव, बैठक सुरू होऊन किती सेकंद झाले, आणि त्यानंतर माणूस किती वेळाने परत आला. पहिल्याच बैठकीत ही नोंद होणारे लोक जवळजवळ नसावेत. एखाद्याच लेव्हलवर नोंदींचा ढीग दिसला तर ती लेव्हल दुरुस्त करा, टायमरला हात लावू नका. परत येण्याची वेळ अर्ध्या तासाच्या आतच गोळा होत असेल तर लोक एका लाइफसाठी येतायत, तीन मिनिटं खेळून पुन्हा अडतायत. मग अवघड लेव्हल सलग लागल्यात का ते बघा. ती अडीच ते पाच तासांच्या दरम्यान पसरलेली असेल तर तुमची टाकी आणि धार लोकांच्या दिवसाशी जुळली आहे. आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशीच येतायत, आल्यावर पाचही लाइफ खर्चून जातायत असं दिसलं, तर मात्र टाकी पाचाची आठ करून बघा. धार तेव्हाही ३० मिनिटांचीच ठेवा.